वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळात का सापडत नव्हती: ३४०० पानांच्या साइटवर शोध आणि मेनू बसवताना

फोंड्यातल्या एका सांस्कृतिक संस्थेची मराठी साइट मी सांभाळतो. देवस्थानं, गावांची माहिती, जत्रांच्या तारखा, नाटकमंडळांच्या नोंदी आणि संस्थेच्या जुन्या मासिकाचे टाइप करून घातलेले अंक, सगळं मिळून साधारण ३४०० पानं. बारा वर्षांत ही पानं एकेक करून चढली, आणि त्यातली बहुतेक आमच्या मास्तरांनी चढवलीत. मास्तर निवृत्त शिक्षक, माहितीला एकदम चोख, एकही तारीख खात्री केल्याशिवाय टाकणार नाहीत. आणि तरीही गावातलेच लोक साइट उघडून परत मास्तरांनाच फोन करायचे. एकदा शेजारच्या दुकानदाराने सरळ सांगितलं, "मास्तर, सगळें आसा, पूण कांयच मेळना." मास्तरांना ते फार लागलं.

पण काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते गिरगावातल्या एका ताईंच्या फोनमुळे. त्यांना आपलं कुलदैवत शोधायचं होतं. आजीकडून ऐकलेलं एवढंच, "आपली वेर्ण्याची म्हाळसा". अर्धापाऊण तास साइटवर फिरल्या, काही मिळालं नाही, मग फोन केला. आता पान होतं. चांगलं सविस्तर होतं. पण त्याचा मथळा "श्री महालसा नारायणी, म्हार्दोळ" असा, आणि ते ठेवलेलं कुठे, तर "उपक्रम" मध्ये, त्यात "दस्तऐवजीकरण", त्यात "टप्पा दुसरा". म्हणजे ताईंकडे जे दोन शब्द होते, वेर्णा आणि म्हाळसा, त्यातला एकही त्या पानाच्या वाटेवर नव्हता. टप्पा दुसरा हे संस्थेच्या समितीला माहीत, गिरगावात कोणाला माहीत असणार?

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या सासष्टी, तिसवाडी, बार्देश भागातली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलून पलीकडे नेले, त्यातले बरेच अंत्रुजात म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आले, तो भाग तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून मंगेशीला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, रामनाथ लोटलीहून रामनाथीला, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. त्यामुळे घराघरात आठवण मूळ गावाची आणि देऊळ दुसऱ्याच गावात. वेर्ण्यालाही आता पुन्हा देवीचं मंदिर उभं आहे, म्हणजे वेर्णा शोधणाऱ्याला नेमकं कुठलं हवंय हेही आधी सांगता येत नाही. एका देवाला दोन गावं, तीन स्पेलिंगं, असा हा मामला. साधा मेनू इथेच गडबडतो.

सुरुवातीला मी मेनूला हात लावला नाही. मास्तरांच्या व्हॉट्सॲपवरचे मागच्या तीन महिन्यांचे प्रश्न त्यांच्याबरोबर बसून वहीत उतरवले, जसे लोकांनी लिहिले तसेच, शुद्ध न करता. बहुतेक सगळे तीनच प्रकारचे निघाले: अमुक जत्रा कधी, आमचं कुलदैवत कुठे, आणि अमक्याने मासिकात लिहिलेला लेख कुठल्या अंकात. आमच्या मेनूत चौदा गोष्टी होत्या आणि या तिन्हीपैकी एकाचंही नाव त्यात नव्हतं! उपक्रम, विभाग, प्रकल्प, संस्थेचा परिचय, मनोगत, इतर. "इतर" मध्ये साडेसहाशे पानं होती. मेनूतल्या एका शब्दाखाली एवढं साचलं की समजायचं, तो शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

मग कार्ड सॉर्टिंग केलं. जाड कागदाच्या अट्ठेचाळीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर साइटवरच्या एका खऱ्या पानाचं नाव, "शिरगावची लईराईची जत्रा", "जांबावलीचा गुलाल", "म्हार्दोळची जायांची पूजा", अशी. अकरा जणांना बसवलं, दोघी मुंबईच्या होत्या त्यांना व्हिडिओ कॉलवर. सांगितलं एवढंच की तुम्हाला जे एकत्र वाटतं ते एकत्र ठेवा आणि ढिगाला तुमच्या शब्दात नाव द्या. इथे नाव त्यांच्या तोंडून येणं महत्त्वाचं, आपण सुचवायचं नाही, मास्तरांना दोनदा खुणेने गप्प बसवावं लागलं कारण त्यांना मदत केल्याशिवाय राहवत नाही. गोव्यातल्या लोकांनी ढीग तालुक्याप्रमाणे लावले, पेडणे, डिचोली, सत्तरी असे. मुंबईच्या दोघींना तालुका हा प्रकारच माहीत नव्हता, त्यांनी देवाच्या नावाने लावले. दोघांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच एकच झाड करून त्यात सगळ्यांना बसवायचा हट्ट मी सोडला.

तरी पहिल्या मसुद्यात आम्ही चूक केलीच. वर "वारसा" असा एक भारदस्त शब्द घेतला आणि देवळं, नाटकं, मासिक सगळं त्याच्या पोटात घातलं. छान दिसत होतं. मग ट्री टेस्ट घेतली, म्हणजे डिझाइन वगैरे काही नाही, नुसती मेनूची यादी कागदावर, आणि समोरच्याला काम द्यायचं: "शिरगावच्या जत्रेची तारीख शोधायचीय, तुम्ही कुठे बोट ठेवाल?" पहिलं बोट कुठे पडतं ते फक्त लिहून घ्यायचं. अकरापैकी दोघांनी "वारसा" वर बोट ठेवलं, बाकीचे "कार्यक्रम" कडे गेले, जिथे संस्थेच्या सभांची पत्रकं होती. एका संध्याकाळीत कळलं की तो शब्द चालणार नाही, साइट बांधून झाल्यावर कळलं असतं तर महिना गेला असता. पुढच्या खेपेला मेनूत लोकांचेच शब्द घातले: देवस्थानं, गावं, सण-जत्रा, नाटक-भजन, जुने अंक. पाच. संस्थेचा परिचय आणि मनोगत तळाशी गेलं. यावर कार्यकारिणीत थोडी कुरकुर झाली, पण प्रश्नांची वही समोर ठेवल्यावर मिटली, त्यात अध्यक्षांचं मनोगत कुणीच मागितलं नव्हतं.

गावांच्या पानाला दोन वाटा ठेवल्या, बारा तालुक्यांप्रमाणे आणि अकारादी. देवस्थानाच्या प्रत्येक पानाला आम्ही दोन वेगळे रकाने दिले, "सध्याचं गाव" आणि "मूळ गाव". पान एकच, पत्ता एकच, पण वेर्ण्याच्या पानावर आता आपोआप ओळ येते: "इथून म्हार्दोळला गेलेलं देवस्थान: महालसा". सुरुवातीला मास्तर म्हणत होते की वेर्ण्याखाली त्या पानाची दुसरी प्रत ठेवूया. मी विरोध केला, कारण दोन प्रती झाल्या की एकीत जत्रेची तारीख बदलते आणि दुसरीत राहते, आणि जुनी तारीख बघून कोणी बेळगावहून गाडी करून आलं तर त्याला काय तोंड दाखवायचं? पानाच्या वर वाटही दाखवतो, "देवस्थानं › फोंडा › म्हार्दोळ › महालसा", कारण गूगलवरून थेट आत उतरणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळायला दुसरा मार्ग नाही.

आता शोधाची चौकट. आधी वर कोपऱ्यात भिंगाचं बारीक चित्र होतं, दाबल्यावर चौकट उघडायची. मास्तरांच्या वयाच्या लोकांना ते चित्र म्हणजे बटण आहे हेच कळत नव्हतं. आता चौकट कायम उघडी, फोनवरही, मथळ्याच्या लगेच खाली पूर्ण रुंदीची.

```html
<form role="search" action="/shodh" method="get">
  <label for="q">गाव, देव किंवा जत्रा शोधा</label>
  <input type="search" id="q" name="q">
  <button>शोधा</button>
</form>
```

यात `get` मुद्दाम आहे. शोधलेला शब्द पत्त्यात येतो, त्यामुळे निकालाची लिंकच कुणाला पाठवता येते, मास्तर आता अर्ध्या प्रश्नांना तशी लिंक पाठवूनच उत्तर देतात. लेबल चौकटीच्या बाहेर आहे, आतल्या फिकट अक्षरात नाही, कारण टाइप करायला लागलं की ते फिकट गायब होतं. आणि चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवली तर आयफोनवर टॅप केल्याबरोबर पान झूम होऊन सरकतं, तेही सांभाळलं.

मागच्या बाजूला साधं शेअर्ड होस्टिंग, पीएचपी आणि एसक्यूलाइट. ३४०० पानांना मोठा सर्च सर्व्हर लागत नाही, एसक्यूलाइटमधलं मजकुरात शब्द शोधणारं `FTS5` पुरतं, आणि पूर्ण इंडेक्स एका फाइलीत राहतो. अर्ध्या दिवसात बसवलं आणि खूश होऊन मास्तरांना म्हटलं, बघा काहीतरी शोधून. त्यांनी "काला" टाकलं, देवळातल्या दशावतारी काल्याबद्दल. तीन हजारच्या वर निकाल आले!! जवळजवळ प्रत्येक पान. आणि वरच्या दहात काल्याचं एकही नाही.

दोन दिवस मी क्रमवारीत चूक शोधत बसलो, पण चूक तिथे नव्हतीच. शेवटी इंडेक्समध्ये नेमके कुठले शब्द गेलेत ते उघडून बघितलं, आणि हे खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं:

```sql
CREATE VIRTUAL TABLE shabda USING fts5vocab('shodh', 'row');
SELECT term, cnt FROM shabda ORDER BY cnt DESC LIMIT 20;
```

यादीत शब्दच नव्हते. क, र, त, य, न, ल, अशी सुटी अक्षरं. `FTS5` चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, `unicode61` फक्त अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग धरतो, आणि युनिकोडमध्ये आपल्या मात्रा, काना, अनुस्वार, हलन्त ही "अक्षरं" नाहीत, "चिन्हं" आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेवर शब्द तुटतो, जणू तिथे स्पेसच आहे. म्हार्दोळचे झाले म, ह, र, द, ळ. "काला" चं झालं क आणि ल, आणि "केली", "केला", "काल", "कोल" यांचंही तेच झालं. मराठीत "केली" नसलेलं पान कुठलं असणार? गंमत म्हणजे "कला" मात्र त्यात येत नव्हती, कारण क आणि ल मध्ये मात्रा नाही, ते जोडून "कल" असा एक शब्द राहत होता. कोणाला मराठी साइटवर असे चक्रावणारे निकाल दिसले तर आधी ही यादी बघा, सुटी अक्षरं दिसली की रोग कळला. उपाय एका ओळीचा:

```sql
CREATE VIRTUAL TABLE shodh USING fts5(
  mathala, gaav, itar_nave, majkur,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
```

`Mn` आणि `Mc` दोन्ही लागतात. अनुस्वार, हलन्त, उकार, मात्रा हे पहिल्यात आहेत, पण काना, वेलांटी आणि ओकार दुसऱ्यात, त्यामुळे फक्त `Mn` घातलं तर अर्धेच शब्द जुळतात आणि आपल्याला वाटतं झालं काम. इंडेक्स पुन्हा बांधल्यावर "काला" ला एकोणीस निकाल आले, सगळे खरे.

यानंतर उरला मराठीचा स्वतःचा प्रश्न, की लिहिणारा आणि शोधणारा एकच शब्द एकसारखा लिहीत नाहीत. जुन्या अंकांत "मडगांव", "नांव", "नाहीं", "केलें" आहे, कारण तो मजकूर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा किंवा त्या वळणाचा, आणि आज कोणीही तो अनुस्वार टाइप करत नाही. म्हणून इंडेक्सला देताना आणि शोधलेला शब्द घेताना, दोन्हीकडे सारखंच, "ांव" चं "ाव" करतो आणि शब्दाच्या शेवटचे "ें", "ीं" यांचा अनुस्वार काढतो. सगळेच अनुस्वार काढता येत नाहीत, नाहीतर "सांग" आणि "साग" एक होतील. अर्ध्या र चंही तसंच, "ऱ्या" दोन प्रकारे टाइप होतं, एकदा ऱ वापरून आणि एकदा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर वापरून, डोळ्यांना फरक दिसत नाही पण मशीनसाठी दोन वेगळे शब्द, तेही एक करून घेतले. हे फक्त शोधाच्या प्रतीत, वाचकाला पानावर जुना मजकूर जसाच्या तसा दिसतो. मास्तरांची ती एकच अट होती, जुन्या माणसांचं लिहिणं बदलायचं नाही, आणि ती योग्यच होती.

सामान्यरूपाने जास्त दमवलं. म्हार्दोळ शोधलं तर "म्हार्दोळला", "म्हार्दोळच्या" मिळायला शब्दाच्या सुरुवातीने जुळवणं पुरतं. पण फोंडा लिहिलेला माणूस "फोंड्यात" आणि "फोंड्याला" लिहिलेली पानं गमावतो, कारण शेवटचा काना बदलून "ड्या" झाला. प्रत्यय कापायचा छोटा नियम लिहून बघितला, ला, त, चा, ने वगैरे, आणि त्याने "काला" चा "ला" कापून "का" ठेवला! परत तिथेच. मग प्रत्यय कापणं सोडलं. गावांची आणि देवांची नावं मोजकी आहेत, साडेचारशेच्या आसपास, मास्तर आणि मी तीन रविवारी बसून प्रत्येकाचं सामान्यरूप तक्त्यात लिहिलं. आता कोणी फोंडा टाकलं की आत असं जातं:

```sql
SELECT mathala FROM shodh
WHERE shodh MATCH '"फोंडा" OR "फोंड्या"*'
ORDER BY bm25(shodh, 10.0, 6.0, 8.0, 1.0);
```

ते आकडे म्हणजे कुठल्या रकान्यातल्या जुळणीला किती वजन, मथळ्याला सर्वात जास्त, लांब मजकुराला सर्वात कमी, नाहीतर मंगेशी शोधलं की देवस्थानाच्या आधी मंगेशीचा उल्लेख पाच वेळा करणारं एखादं जुनं भाषण वर येतं. आणि वाचकाचा प्रत्येक शब्द असा दुहेरी अवतरणात घालूनच आत पाठवायचा, नाहीतर कोणी "सण-जत्रा" असं मधल्या रेषेसकट टाकलं की क्वेरीच फुटते.

`itar_nave` हा रकाना म्हणजे एका देवाची सगळी नावं: महालसा, म्हालसा, म्हाळसा, Mahalsa, Mhalsa, Mardol. रोमनमध्ये टाइप करणारे खूप आहेत, विशेषतः तरुण पोरं. ही नावं लपवली नाहीत, पानाच्या तळाशी "या नावांनीही ओळखतात" म्हणून उघड दिली. शिगमो, शिमगो, शिमगा हे मात्र समानार्थी शब्दांच्या तक्त्यात गेले कारण ते सगळीकडे एकच. वेर्णा आणि म्हार्दोळ समानार्थी केले नाहीत, ती दोन गावं आहेत, तसं केलं असतं तर वेर्ण्याची माहिती शोधणाऱ्यावर म्हार्दोळच्या फुलबाजारापासून सगळं येऊन पडलं असतं. मूळ गावाचा रकाना `gaav` मध्ये जोडला तेवढ्याने काम होतं, वेर्णा टाकल्यावर पहिलं येतं वेर्णा गाव, दुसरी येते महालसा.

काही मिळालं नाही तर कोरं पान दाखवत नाही. शोधलेला शब्द चौकटीत तसाच राहतो म्हणजे दुरुस्त करता येतो, खाली तालुक्यांची यादी आणि मास्तरांना विचारायचा दुवा. आणि तो न सापडलेला शब्द आम्ही नोंदवतो, फक्त शब्द आणि तारीख, कोणी शोधला ते नाही. दर सोमवारी मास्तर ती यादी वाचतात. पहिल्या महिन्यात त्यात सर्वात वर होता "कुळावी". आमच्या पानांवर "महाजन" भरपूर पण कुळावी कुठेच नाही. मला वाटलं तक्त्यात दोन्ही जोडून टाकावेत, पाच मिनिटांचं काम. मास्तरांनी थांबवलं. "बाबू, महाजन वेगळे आणि कुळावी वेगळे. महाजनांकडे देवस्थानाच्या कारभाराचा हक्क असतो, कुळावी म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत. हे एक केलंस तर लोक भांडत येतील माझ्याकडे." खरंच होतं. शोधात काही बिघडलं नव्हतं, साइटवर माहितीच नव्हती. आता ते प्रत्येक देवस्थानाच्या पानावर कुळाव्यांचा वेगळा परिच्छेद लिहितायत, साठेक पानं झालीत.

आडनावांचं अजून जमलेलं नाही. लोक स्वतःचं आडनाव टाकून बघतात, आणि एकच आडनाव वेगवेगळ्या देवस्थानांच्या कुळाव्यांत असतं, तेव्हा पहिला निकाल वर दाखवला की वाचतो तो तेच आपलं दैवत धरून चालतो. त्यामुळे आडनावाच्या निकालांना सध्या क्रम न लावता सगळी देवस्थानं मूळ गावासकट एकत्र दाखवतो आणि वर लिहितो, "तुमच्या घरात मूळ गाव कोणतं सांगतात?"

गिरगावच्या ताईंना मास्तरांनी नवी लिंक पाठवली होती, पण त्यांनी लिंक न वापरता स्वतः चौकटीत "वेर्ण्याची म्हाळसा" टाकलं, "वेर्ण्याची" सकट. तक्त्यात "वेर्ण्या" होतं म्हणून मिळालं. श्रावणात जायांच्या पूजेला येतो म्हणाल्या, तारखेचं पान त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं.